यीस्ट-मोल्ड काउंट दहाच्या खाली, तरी ब्रेडला तार सुटतेय. माझी प्लेट चुकली की प्रश्नच चुकला?

रात्रपाळी
बेकरीच्या क्यूसी लॅबमध्ये मला दीड वर्ष झालं. आमच्याकडे ८०० ग्रॅमचा गव्हाच्या पिठाचा, कोंड्यासकटचा लोफ निघतो. गेल्या आठवड्यात त्याच्या तीन तक्रारी आल्या, तिन्ही एकाच बॅचच्या. भाजल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतला भाग दमट, पिवळट-तपकिरी होतो आणि बोटाला चिकटतो. परत आलेला एक लोफ मी स्वतः उघडला. पिशवी उघडल्याबरोबर फार पिकलेल्या खरबुजासारखा गोड वास आला. स्लाइस मधोमध मोडून दोन तुकडे हळू लांब नेले, तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकत्या तारा. वरून मात्र लोफ अगदी चांगला, बुरशीचा ठिपकासुद्धा नाही.

आता अडचण अशी. त्या बॅचचा माझा रिपोर्ट स्वच्छ आहे. डीआरबीसी अगारवर, २५ अंशाला, पाच दिवस ठेवून यीस्ट-मोल्ड काउंट "१० सीएफयू/ग्रॅमपेक्षा कमी". परत आलेल्या चिकट लोफची प्लेट लावली, तीही कोरी. साहेब म्हणतात, "रिपोर्ट क्लीन आहे, म्हणजे गिऱ्हाइकाने नीट ठेवला नसणार." ब्रेड डोळ्यासमोर सडलाय आणि प्लेटवर काहीच नाही, हे मला पटत नाही. माझी पद्धत कुठे चुकली?

भट्टीपुराण
तीस वर्षं भट्टीसमोर काढलीत, लॅबमधलं मला कळत नाही. पण आत चिकट म्हणजे कच्चा राहिलाय. कोंड्याचा लोफ पाणी जास्त धरतो. भट्टी १० अंश वाढवा, पाच मिनिटं जास्त ठेवा, जे काय जंतू असतील ते मरतील. आणि आमच्या वेळी उन्हाळा लागला की पिठात थोडं व्हिनेगर जायचं. का, ते कुणी सांगितलं नाही, पण जायचं.

सुगंधा
माझंही अगदी असंच होतं! घरी ब्रेड करते. स्लाइस करून ठेवला की पाच-सहा दिवसांनी पांढरी पावडर दिसते, पीठ भुरभुरल्यासारखी. आधी मला वाटलं वरचं पीठच आहे, पुसून खाल्लाही. मग ते ठिपके वाढायला लागले. हाच प्रकार का?

अगारवाला
सुगंधाताई, तुमचा प्रकार वेगळा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. रात्रपाळी, तुमची प्लेट बहुतेक बरोबर आहे (एक खोट आहे, ती पुढे सांगतो). प्रश्न मात्र चुकीच्या प्लेटला विचारला गेलाय.

तुम्ही लिहिलंत ते वर्णन 'रोप'चं आहे, इंग्रजीतला दोर या अर्थाचा रोप. वास आधी, मग चिकटपणा, मग तारा, हा क्रम ठरलेला. हे काम बुरशीचंही नाही आणि यीस्टचंही नाही. बॅसिलस नावाच्या जिवाणूंचं आहे: मुख्यतः बॅसिलस सबटिलिस आणि त्याचे जवळचे नातलग, लायकेनिफॉर्मिस, अमायलोलिक्वेफेशियन्स वगैरे. ते पिठातल्या स्टार्चचे आणि प्रथिनांचे तुकडे करतात, वर स्वतःचा बुळबुळीत पदार्थ सोडतात. तार त्याची बनते. खरबुजाचा वास मुख्यतः डायअ‍ॅसिटिल आणि अ‍ॅसिटॉइन यांचा.

डीआरबीसीमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल असतं. ते जिवाणूंना अडवायलाच घातलेलं आहे. नाहीतर पाच दिवसांत जिवाणू प्लेट खाऊन टाकतील आणि बुरशी मोजताच येणार नाही. म्हणजे तुम्ही दारावर जिवाणूंना बंदी घातली आणि मग आत जिवाणू नाहीत असा दाखला दिलात. त्या लोफमध्ये ग्रॅमला एक कोटी बॅसिलस असते तरी ही प्लेट कोरीच राहिली असती.

दुसरा मुद्दा भट्टीचा. बुरशीचे स्पोअर आणि यीस्ट भाजताना मरतात. म्हणून ताज्या ब्रेडवर बुरशी किंवा यीस्ट सापडलं तर ते भट्टीनंतर आलेलं: थंड करायच्या रॅकवरच्या हवेतून, स्लायसरच्या पात्यातून, पॅकिंगवाल्याच्या हातातून. बॅसिलसचे स्पोअर पिठाबरोबर येतात आणि भट्टीतून जिवंत बाहेर पडतात. यीस्ट-मोल्ड काउंट भट्टीच्या पुढचा रस्ता तपासतो, रोप भट्टीच्या मागच्या रस्त्याने येतो. साहेबांना एवढं एक वाक्य सांगा.

भट्टीपुराण
२२० अंशाच्या भट्टीतून जिवंत बाहेर? काहीतरीच.

अगारवाला
काका, २२० भट्टीच्या हवेचं. पाव मध्यभागी कधीच तेवढा तापत नाही. आत पाणी आहे तोवर तो भाग १०० च्या वर जात नाही. भाजून पूर्ण झालेल्या लोफच्या पोटात थर्मामीटर खुपसा, ९५ ते ९८ दिसेल, तेही शेवटची काही मिनिटं. बॅसिलसच्या बऱ्याच स्पोअरना एवढ्याने काही होत नाही, उलट तो धक्का त्यांना उठवतो. मग लोफ हळूहळू ४० वर, ३५ वर येतो, भरपूर ओलावा, आयतं अन्न, शेजारीपाजारी सगळे मेलेले. त्यांना आणखी काय हवं?

भट्टी वाढवलीत तर साल करपेल, पोटातलं तापमान तिथल्या तिथेच. व्हिनेगरचं मात्र तुम्ही लाखमोलाचं बोललात, त्याच्याकडे येतोच.

परीक्षार्थी
मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरावाच्या प्रश्नसंचात जवळजवळ हाच प्रश्न होता: "ब्रेडमध्ये रोप असूनही यीस्ट-मोल्ड काउंट शून्य का?" उत्तरसूचीत लिहिलंय, "कारण उबवण्याचं तापमान २५ अंश, बॅसिलसला ३७ लागतं." सरांनीही तेच सांगितलं. मग क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलं तर गुण मिळतील का?

अगारवाला
गुणांचं सरांना विचारा. खरं काय ते सांगतो. सबटिलिस २५ अंशाला व्यवस्थित वाढतो, जरा सावकाश इतकंच. पाच दिवस तर त्याला खूप झाले. तापमान हे खरं कारण असतं तर नुसत्या पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारवर, आम्ल किंवा अँटिबायोटिक न घालता, २५ अंशाला ब्रेड लावल्यावर बॅसिलस दिसला नसता. प्रत्यक्षात भरभरून दिसतो, आणि तिथेच उलटी चूक होते.

एकदा एका लॅबमधून माझ्याकडे रिपोर्ट आला: ब्रेडमध्ये "यीस्ट ३ लाख". प्लेट मागवली. करड्या-पांढऱ्या, चुरगळलेल्या कागदासारख्या कॉलनी. थेंबभर पाण्यात घेऊन स्लाइडवर ठेवली तर यीस्टच्या अंडाकृती पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब कुठेच नाहीत. बारीक काड्या, काहींच्या पोटात चमकता ठिपका: स्पोअर. त्यांनी अगार बनवताना टार्टारिक आम्ल घालायचं राहिलं होतं. आम्ल घालून पीएच ३.५ केला असता तर बॅसिलस तिथे उगवला नसता. सगळा रोप त्यांनी यीस्ट म्हणून मोजला होता आणि बेकरीवाला बिचारा महिनाभर हवा गाळायच्या फिल्टरवर खर्च करत बसला होता.

तेव्हा रात्रपाळी, कॉलनी "यीस्टसारखी" दिसली तरी नोंदवायच्या आधी एक ओली स्लाइड बघायचीच. दोन मिनिटांचं काम आहे.

रसायनी
एवढं रामायण कशाला? कॅल्शियम प्रोपिओनेट वाढवा, विषय संपला. ते रोपसाठीच तर असतं.

रात्रपाळी
प्रोपिओनेट आहे रेसिपीत, पिठाच्या ०.२ टक्के. आधीपासून तेवढंच आहे, बदललेलं नाही.

अगारवाला सर, मग रोप मोजायचा कसा? आणि ती खोट कोणती?

अगारवाला
खोट आधी. १० ग्रॅम नमुना ९० मिलीमध्ये मिसळला आणि त्यातलं ०.१ मिली एका प्लेटवर पसरलं, असंच ना? त्या ०.१ मिलीमध्ये ब्रेड आहे फक्त ०.०१ ग्रॅम. तिथे एक कॉलनी आली तरी ती ग्रॅमला १०० होते. म्हणजे कोऱ्या प्लेटचा अर्थ "१०० पेक्षा कमी". "१० पेक्षा कमी" लिहायचं तर त्याच द्रावणाचं पूर्ण १ मिली तीन प्लेटमध्ये वाटून पसरा आणि तिन्हींची बेरीज घ्या. बहुतेक लॅब हे बिनदिक्कत चुकीचं लिहितात.

जाता जाता आणखी एक. डीआरबीसीच्या प्लेट उजेडात ठेवू नका. त्यातला रोझ बंगाल उजेडाने बिघडतो, बुरशीलाच विषारी होतो, आणि काउंट उगाच कमी येतो. त्या उलट्याही ठेवायच्या नसतात, सरळ ठेवायच्या आणि मधे मधे हलवायच्या नाहीत. नाहीतर एका बुरशीचे स्पोअर सांडून दहा कॉलनी होतात.

आता रोप. तत्त्व सोपं: तापवून बाकी सगळं मारायचं, जे उरलं ते स्पोअर. नमुन्याचं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन ८० अंशाच्या वॉटर बाथमध्ये १० मिनिटं. शेजारी तेवढंच पाणी भरलेली दुसरी ट्यूब ठेवा, तिच्यात थर्मामीटर. ती ८० ला पोचल्यावर घड्याळ सुरू करा, बाथ ८० झाला म्हणून नव्हे. मग लगेच गार पाण्यात. डेक्स्ट्रोज ट्रिप्टोन अगारवर, ३५ अंशाला, ४८ तास.

चिकट लोफचं मात्र तापवून आणि न तापवता, दोन्ही लावा. चालू रोपमध्ये बहुतेक स्पोअर फुटून वाढत्या पेशी झालेल्या असतात आणि त्या ८० अंशाला मरतात. फक्त तापवलेलंच लावलंत तर आकडा फसवेल.

आणि नमुना लोफच्या पोटातून घ्या, सालीचा नको. सुरी निर्जंतुक.

सुगंधा
माझ्या पावडरचं राहिलंच हो.

अगारवाला
माफ करा ताई. तुमची ती बहुधा 'चॉक मोल्ड'. नावात मोल्ड आहे, पण खरं तर ते यीस्ट, धाग्यांसारखं वाढणारं. हायफोपिकिया बर्टोनाय किंवा सॅकरोमायकॉप्सिस फिब्युलिजेरा, यांपैकी कुणीतरी. भट्टीत ते मरतं, तुमच्या सुरीवरून किंवा पाटावरून परत येतं. कापलेल्या ब्रेडवरच होतं, अख्ख्यावर सहसा नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. यांच्यावर प्रोपिओनेट फारसं चालत नाही. ब्रेड पूर्ण गार झाल्यावरच कापा, सुरी-पाट उकळत्या पाण्याने धुवा. आणि पुसून खाऊ नका, दिसतं त्याच्या पलीकडे ते पसरलेलं असतं.

रात्रपाळीच्या प्लेटवर हे दिसलं असतं. दोघींचे ब्रेड खराब झाले, पण एकीचा भट्टीनंतर आणि दुसरीचा भट्टीआधी.

सुगंधा
अय्या, खरंच! मी गरम असतानाच कापते. वाफेत कापलेला छान लागतो ना. धन्यवाद.

परीक्षार्थी
मोल्डच्या प्लेटवर यीस्ट, यीस्टच्या प्लेटवर बॅसिलस, आणि हा सगळा धागा तारेबद्दल. वाचनखूण साठवली.

रात्रपाळी
चार दिवसांनी येतेय. प्लेट वाचून झाल्या.

पहिल्यांदा फजिती झाली. गव्हाच्या पिठाचं १० टक्के द्रावण ८० अंशाला ठेवलं तर ट्यूबमध्ये खळ तयार झाली. चमचा उभा राहील अशी. पिपेटमध्ये येईचना, फेकून द्यावं लागलं.

दुसऱ्यांदा द्रावण जोरात हलवलं, पाच मिनिटं स्थिर ठेवलं, वरचं पातळ घेऊन ते तापवलं. हे आकडे:

पीठ (कोंड्यासकट), तापवून, दोन प्लेटमध्ये प्रत्येकी १ मिली ओतून: १४ आणि १८ कॉलनी.
मैदा, तसंच: १ आणि ०.
चिकट लोफचं पोट, न तापवता, दहा हजार पट पातळ करून ०.१ मिली: ६२ कॉलनी.
तोच, तापवून, शंभर पट पातळ करून ०.१ मिली: ४१ कॉलनी.

कॉलनी सरांनी लिहिल्या तशाच, चुरगळलेल्या. स्लाइडवर काड्या.

अगारवाला
झकास काम. खळ होणारच, गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो. मी सांगायला हवं होतं, सवयीने विसरलो. तुम्ही शोधलेला उपाय बरोबर आहे, फक्त वहीत लिहून ठेवा की वरचं पातळ घेतलं. कोंड्याला चिकटलेले स्पोअर खाली बसतात, म्हणून खरा आकडा याच्यापेक्षा काही जास्तच असणार.

हिशोब करू. पीठ: सरासरी १६, द्रावण दहा पट, म्हणजे ग्रॅमला १६० स्पोअर. मैद्यात नगण्य. लोफ न तापवता: ६२ × १० × १०,००० = ६२ लाख. तापवून: ४१ × १० × १०० = ४१ हजार. म्हणजे ६२ लाखांतले ४१ हजारच स्पोअर, बाकी सगळे वाढीला लागलेले. चालू रोप, शंका नको. याच लोफच्या डीआरबीसीवर तुम्हाला शून्य दिसलं होतं.

१६० हा आकडा छोटा वाटेल. ब्रेडमध्ये पीठ साधारण साठ टक्के धरा, म्हणजे ब्रेडच्या ग्रॅमला जवळपास १००. १०० वरून ६२ लाखांवर जायला किती वेळा दुप्पट व्हावं लागतं? सोळा वेळा. २ चा सोळावा घात ६५,५३६, गुणिले १००, म्हणजे ६५ लाख. उबेत एकदा दुप्पट व्हायला तासभर धरला तर सोळा तास, अधिक स्पोअर फुटायला काही तास. सकाळी भाजलेला लोफ दुसऱ्या दिवशी दुपारी वास मारायला लागतो. तुमच्या तक्रारींशी जुळतं.

म्हणून पिठाचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. १६० स्पोअर असलेल्या पिठाचा चांगला ब्रेडही होतो. सोळा वेळा दुप्पट व्हायची संधी त्यांना कुणी दिली, ते शोधा. तीन गोष्टी सांगा: ब्रेडच्या पोटाचा पीएच, पॅक करताना पोटाचं तापमान, आणि परत आलेला ब्रेड कुठे जातो.

रसायनी
मी तेव्हाच म्हटलं, प्रोपिओनेट ०.४ करा. दुप्पट डोस, अर्धा जंतू.

रात्रपाळी
पीएच ५.७. पॅकिंगला मधलं तापमान ४३ आलं. नियम ३५ चा आहे, पण शिफ्ट बदलायच्या वेळी घाई होते, आणि हा लोफ मोठा, लवकर निवत नाही.

व्हिनेगर दोन महिन्यांपूर्वी काढलं. आंबट वास येतो अशी तक्रार होती आणि लेबलवर एक घटक कमी दिसतो म्हणून मार्केटिंगवाले खूश. व्हिनेगर असतानाचा पीएच जुन्या वहीत सापडला, ५.२.

तिसऱ्याचं उत्तर जरा अवघड आहे. विचारून सांगते.

भट्टीपुराण
म्हणजे व्हिनेगर काढलं, आणि पाव नासला! मी म्हणत नव्हतो?

अगारवाला
म्हणत होता काका, आणि का ते आता सांगतो. रसायनींनाही हेच उत्तर.

प्रोपिओनेट जंतूच्या आत शिरतं ते आम्लाच्या अखंड रेणूच्या रूपात. रेणू फुटून विद्युतभारित झाला की तो पेशीच्या बाहेरच अडकतो. अखंड किती आणि फुटलेले किती, हे पीएच ठरवतो. प्रोपिओनिक आम्लाचा पीकेए ४.८७. सूत्र सोपं आहे:

```
अखंड भाग = 1 / (1 + 10^(pH - 4.87))
```

५.२ ला घाला, ०.३२ येतं. ५.७ ला ०.१३. म्हणजे व्हिनेगर काढल्यावर पोत्यातून घातलेलं प्रोपिओनेट तेवढंच राहिलं, पण कामावर येणारं बत्तीस टक्क्यांवरून तेरा टक्क्यांवर आलं. रेसिपीच्या कागदावर ०.२ तसंच दिसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल स्वतःही बॅसिलसला त्रास देतं, ते गेलं ते वेगळंच.

रसायनी, ०.४ करूनही ५.७ ला कामावर येणारं ५.२ च्या ०.२ पेक्षा कमीच राहतं: ०.०५२ विरुद्ध ०.०६४. शिवाय तेवढं प्रोपिओनेट यीस्टला मंदावतं, कणीक फुगायला वेळ लागतो, चवीत तो उग्रपणा येतो. आणि मात्रेला कायद्याची मर्यादा आहे ती वेगळी.

रसायनी
हं. पीएचचं गणित मान्य. पण व्हिनेगरचा वास परत येणार, मार्केटिंगला काय सांगायचं? सोडियम डायअ‍ॅसिटेट वापरून बघायला हरकत नाही, किंवा कणकेचा थोडा भाग आंबवून. आमच्याकडे दुसऱ्या उत्पादनात डायअ‍ॅसिटेट चालतं. रोपसाठी मी तपासलेलं नाही.

अगारवाला
आंबवलेला भाग मला जास्त आवडेल. लॅक्टिक जिवाणू आम्ल करतात, पीएच उतरतो आणि नुसत्या व्हिनेगरइतका नाकात जात नाही. पण त्याला रोजची शिस्त लागते, आणि जिथे ३५ च्या जागी ४३ ला पॅक होतं तिथे ती शिस्त कोण पाळणार, हा माझा खवचट प्रश्न.

४३ चं हसण्यावारी नेऊ नका. पिशवीत बंद झालेला गरम लोफ म्हणजे इनक्युबेटर. मोठा लोफ मधे तासन् तास ३५-४० ला रेंगाळतो आणि बॅसिलसला तेच हवं असतं. मी असतो तर व्हिनेगरवर वाद घालायच्या आधी हे सुधारलं असतं.

रात्रपाळी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दुकानांतून परत आलेला ब्रेड वाळवून, दळून, त्याचा चुरा याच लोफच्या कणकेत ३ टक्के जातो. मला माहीतच नव्हतं. रात्री एकाने सांगितलं, दिवसा कुणी बोलत नाही. चुरा तापवून लावला: एक हजार पट पातळ केलेल्या द्रावणाचं ०.१ मिली, २७ कॉलनी.

अगारवाला
२७ × १० × १,००० = २ लाख ७० हजार स्पोअर ग्रॅमला. कणकेत ३ टक्के, म्हणजे कणकेच्या ग्रॅमला साधारण ८ हजार. पिठातून येणारे शंभर त्याच्यापुढे काहीच नाहीत. ८ हजारांवरून ६२ लाखांवर जायला दहा वेळा दुप्पट होणंही पुरतं. सहा तास वाचले त्यांचे.

रोपचा लोफ परत आला, वाळवला, परत कणकेत. तुम्ही विरजण लावताय. चुरा आजच थांबवा, शिल्लक बेकरीच्या बाहेर काढा, दळायचं यंत्र उघडा. सांध्यांत, चाळणीच्या कडेला साठलेलं असणार. ७० टक्के अल्कोहोलने पुसून समाधान मानू नका, स्पोअरवर त्याचा काही परिणाम होत नाही. आधी कोरडं खरवडून काढा, मग धुवा, मग क्लोरीन किंवा परअ‍ॅसेटिक आम्ल, पुरेसा वेळ ओलं ठेवून. मळ राहिला तर क्लोरीन मळावरच खर्च होतं.

परीक्षार्थी
सर, एक शंका. चुऱ्यातले सगळे २.७ लाख रोपच करतील कशावरून? प्लेटवरचा प्रत्येक बॅसिलस तार काढतो का?

अगारवाला
नाही काढत, आणि या धाग्यातली हीच खरी शंका आहे. प्लेट फक्त सांगते की तापवूनही वाचणारे जिवाणू एवढे आहेत. त्यातले काही जोरात रोप करतात, काही अजिबात नाही. म्हणून कॉलनी उचलून, निर्जंतुक केलेल्या ब्रेडच्या तुकड्यांवर टोचून, दमट डब्यात ३० ते ३५ अंशाला दोन-तीन दिवस ठेवायचं आणि तार ओढून बघायची. नाहीतर सरळ त्या पिठाचा एक लोफ भाजा, निवल्यावर पिशवीत ओलसर कापसाबरोबर बंद करा, ३० अंशाला ४८ तास, मग वास घ्या आणि मोडून बघा. तुलनेला एक लोफ चुऱ्याशिवाय. आकड्यापेक्षा मला हे जास्त विश्वासाचं वाटतं.

सुगंधा
आणि असा चिकट ब्रेड कुणी खाल्लाच असेल तर? तीन तक्रारी आल्या म्हणजे तीसजणांनी खाल्ला असेल.

अगारवाला
बहुतेकांना वासानेच खाववत नाही. पण या गटातल्या काही जातींची नावं पोटाच्या तक्रारींशी जोडलेली आहेत, संख्या खूप वाढलेली असेल तेव्हा. तुमच्याकडे कुठली जात आहे हे ओळखल्याशिवाय "निरुपद्रवी" असं मी लिहून देणार नाही. बॅच परत बोलावायला हवी होती, असं माझं मत.

भट्टीपुराण
इथे माझं वेगळं मत आहे. आमच्या वेळी असा पाव निघाला की गुपचूप जनावरांना जायचा, कुणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. बॅच बोलावली की बेकरीचं नाव जातं.

रात्रपाळी
काका, नाव तसंही जातंय.

आजचं सांगते. चुरा बंद झाला. साहेब व्हिनेगरला तयार नाहीत, आंबवलेल्या कणकेची चाचणी पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाले. बॅच बोलवायचा विषय वर गेलाय, खाली काही आलेलं नाही. पॅकिंगच्या टेबलावर प्रोब थर्मामीटर दोरीने बांधून ठेवला, म्हणजे कुणी घेऊन जाणार नाही.

काल चार लोफ भाजले: दोन चुऱ्यासकट, दोन चुऱ्याशिवाय. सगळ्यांचा पीएच ५.७, सगळे ३४ ला पॅक, ओल्या कापसाबरोबर ३० अंशाला. आज छत्तीस तास झाले. चुऱ्याच्या दोन्ही पिशव्यांना तो वास आलाय, तार अजून नाही. बिनचुऱ्याच्या एकीला काहीच नाही. दुसरीला मला वास आल्यासारखा वाटतो, रात्रीच्या ऑपरेटरला नाही वाटत. अठ्ठेचाळीस तास भरले की मोडून बघते.